शेवटचा पगार आणि पहिली पेन्शन

महिन्याची अठ्ठावीस-एकोणतीस तारीख उलटली की माझ्या दवाखान्यातील बाकावर एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "तुमची आली का?" विचारणारा आणि सांगणारा, दोघेही साठीच्या पुढचे असतात. काय आली, हे कोणी उच्चारत नाही. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीला लागून माझा दवाखाना आहे. सत्तावीस वर्षे झाली. ज्यांना मी तरुणपणी ताप-खोकल्याची औषधे दिली, ते कामगार आता निवृत्त होऊ लागले आहेत, आणि कारखान्यातील कामगारांना मिळणारे निवृत्तिवेतन महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत जमा होत असल्याने या दोन-तीन दिवसांत अनेकांचा रक्तदाब जरा चढलेला सापडतो. मार्चअखेरीस तर अधिकच, कारण मार्चचे निवृत्तिवेतन तेवढे एप्रिलच्या एक तारखेला किंवा त्यानंतर जमा होते आणि दरवर्षी कोणी ना कोणी ते विसरून घाबरलेले असते.

ज्यांची पेन्शन सुरू झाली आहे त्यांची ही गत, तर जिची सुरुवातच व्हायची आहे तिच्या प्रतीक्षेत माणसाचे काय होत असेल? शेवटचा पगार आणि पहिली पेन्शन यांच्यामधले आठवडे हे माझ्या मते एक स्वतंत्र दुखणे आहे. ते मी एका रुग्णात जवळून पाहिले. त्यांचे नाव सांगत नाही. दवाखान्यात सगळे त्यांना मामा म्हणतात.

मामा फौंड्रीत फेटलिंगच्या खात्यात होते. साच्यातून निघालेल्या ओतकामाच्या कडेला जे नको असलेले लोखंड चिकटून राहते, ते ग्राइंडरने घासून काढायचे, हे त्यांचे काम. ठिणग्या, वाळूची धूळ आणि कान बधिर करणारा आवाज यांत माणूस आठ तास उभा असतो. शाळेच्या दाखल्यावर त्यांची जन्मतारीख १ जून १९६६ आहे. आमच्या पिढीतील निम्म्या मुलांचा जन्म गुरुजींनी एक जूनलाच लावून दिला, त्यातलेच हे एक. त्या हिशोबाने ३१ मे २०२४ रोजी त्यांची अठ्ठावन्न वर्षे पूर्ण झाली आणि तोच त्यांचा कामाचा शेवटचा दिवस ठरला.

त्या दिवशीचे मला मामींनी सांगितले. पहिली पाळी सातची. मामा नेहमीप्रमाणे पहाटे साडेचारला उठले, सायकल पुसली, चाकांत हवा भरली. शेवटच्या दिवशी काम करायचे नसते, नुसते बसायचे, असे सोबती म्हणत होते. पण यांनी जेवणाच्या सुट्टीपर्यंत ग्राइंडर सोडला नाही. मग गॉगल, हातमोजे, ॲप्रन आणि बूट स्टोअरमध्ये जमा केले. ओळखपत्र परत करताना मात्र त्यांनी त्यावरचा फोटो मागून घेतला. क्लार्कने तो ब्लेडने अलगद काढून दिला. तीन वाजता फेटा, शाल, नारळ, एक भिंतीवरचे घड्याळ. साहेब दोन शब्द बोलले. मामांना बोलता आले नाही. गेटवरच्या यंत्रावर बोट ठेवायची सवय इतकी जडलेली की बाहेर पडताना त्यांनी ते ठेवले, आणि यंत्राने नेहमीप्रमाणे तीन वेळा ते नाकारले. वर्षानुवर्षे घासकाम केलेल्या माणसाच्या बोटांवर रेषा उरत नाहीत. (या बोटांकडे मला पुढे पुन्हा यायचे आहे.)

संध्याकाळी ते फेटा बांधूनच पेढे घेऊन दवाखान्यात आले. रक्तदाब मोजला, १३६/८४, त्यांच्या नेहमीच्या मानाने ठीक. "आता निवांत," मी म्हणालो. "निवांत कसलं डॉक्टर," ते म्हणाले, "एक तारखेला काय येणार हाय खात्यावर?"

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ते मामींबरोबर आले. दुखणे मामांचे आणि तक्रार मामींची : झोप नाही. पहाटे चारला उठून बसतात, सायकल काढतात, फौंड्रीच्या गेटसमोरच्या चहाच्या गाड्यावर जाऊन बसतात आणि पाळी आत गेली की परत येतात. रात्री कानात किडा किरकिरतो म्हणतात. रक्तदाब निघाला १७०/१००. थोडे बसवून पुन्हा मोजला, तरी १६८.

कानातल्या किड्याचे आधी सांगतो, कारण तो अनेकांना छळतो. वर्षानुवर्षे मोठ्या आवाजात काम केले की आतल्या कानातील नाजूक पेशी झिजतात. ऐकू कमी येते आणि कानात सतत बारीक आवाज होत राहतो. कामावर असताना यंत्रांच्या गोंगाटात तो कळत नाही. निवृत्तीनंतर पहिल्यांदा रात्री शांतता मिळते, आणि तेव्हा तो 'सुरू झाला' असे वाटते. मामांना वाटले की हे रक्तदाबाचे किंवा मेंदूचे काही आहे. श्रवणतपासणी केली, दोन्ही कानांत उंच स्वरांची श्रवणशक्ती बरीच घटलेली होती. रात्री उशाशी रेडिओ अगदी हळू लावून ठेवा, एवढेच सांगितले. पूर्ण शांततेपेक्षा थोडा आवाज असला की हा किडा मागे पडतो. धुळीत काम केलेले म्हणून छातीचा एक्स-रेही काढून घेतला. तो सुदैवाने स्वच्छ आला.

पण १७० चा उलगडा या दोन्हींतून होत नव्हता. मी मामींना घरातून गोळ्यांची पट्टी आणायला सांगितली. माझी ही जुनी पद्धत आहे. रुग्णाला "गोळ्या घेता का?" असे विचारले की उत्तर "घेतो" असेच येते. त्याऐवजी पट्टी पाहावी, गोळ्या मिळाल्याची तारीख पाहावी आणि मोजावे. मामांना रक्तदाबाची रोज एक गोळी, अ‍ॅम्लोडिपिन पाच मिलीग्रॅम. तीस गोळ्या २० मे रोजी ई.एस.आय.च्या दवाखान्यातून घेतलेल्या. त्या दिवशी २० जून. पट्टी संपलेली हवी होती. चौदा गोळ्या शिल्लक होत्या.

"एक दिवसाआड घेतोय," मामा खाली बघत म्हणाले. "काय होत न्हाई त्यानं. बरंच वाटतंय."

बरे वाटते हीच अडचण आहे. ही गोळी शरीरात बराच काळ टिकते, त्यामुळे एखादा दिवस चुकला तर काहीच जाणवत नाही. रक्तदाब चढतो तो हळूहळू, चक्कर नाही, डोकेदुखी नाही. माणसाला वाटते, आपण निम्म्या गोळ्यांत भागवले. रक्तदाबाच्या काही दुसऱ्या गोळ्या तर अशा आहेत की त्या अचानक बंद केल्यास हृदयावर ताण येऊन प्राणावर बेतू शकते. म्हणून कोणती गोळी चुकवलेली चालेल, याचा प्रयोग घरी करू नये.

मी कारण विचारले. मामांच्या मनातले गणित सरळ होते : नोकरी संपली म्हणजे ई.एस.आय. संपले, दवाखान्याची गोळी संपली, आणि पेन्शन सुरू होईपर्यंत विकतची घ्यायची नाही. मी म्हणालो, "मामा, फंडाचे पैसे येणार, ग्रॅच्युइटी येणार, गोळीला पैसे नाहीत असे कसे?" यावर त्यांनी मला जे सांगितले ते अनेक घरांत खरे असावे. "ती मुद्दल हाय. मुद्दल फोडायची नसती. खायचं ते महिन्याच्या पैशातनं खायचं."

सोळा वर्षांच्या नोकरीची ग्रॅच्युइटी दीड लाखाच्या आसपास होती. भविष्य निर्वाह निधीची रक्कमही यायची होती. पण चाळीस वर्षे महिन्याच्या पैशावर जगलेल्या माणसाला एकरकमी पैसा हा खर्चायचा पैसा वाटतच नाही. तो लेकीचा, घराच्या छपराचा, नाहीतर आपल्याच मरणाचा. महिन्याचा पैसा थांबला की तो पोट आवळतो, आणि सगळ्यांत आधी आवळतो ते जे कोणाला दिसत नाही ते. चहात दूध कमी झाले तर मामींना कळले असते. गोळी कमी झाली ती कळली नाही.

ई.एस.आय.बद्दल त्यांची समजूतही पुरी नव्हती. नोकरी सुटली म्हणून त्याच दिवशी हा दवाखाना बंद होत नाही. पगारातून कापल्या गेलेल्या वर्गणीच्या हिशोबाने पुढे काही महिने तो चालतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्याने किमान पाच वर्षे विमाधारक म्हणून नोकरी केली आणि जो वयोमानाने निवृत्त झाला, त्याला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि पत्नीसाठी ही वैद्यकीय सेवा पुढेही घेता येते. महिन्याला दहा रुपये. मला वाटते, निवृत्तीच्या दिवशी नारळाबरोबर हे एक वाक्य कोणी तरी कामगाराच्या कानात सांगायला हवे.

मी मामांना गोळी रोज घ्यायला लावली, तोवर पुरेल एवढी दिली, आणि मामींना सांगितले की रोज सकाळी पट्टी त्यांनी पाहायची.

आता पेन्शनकडे. खाजगी कारखान्यातील कामगाराची पेन्शन ही १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतून येते. मालक जी भविष्य निर्वाह निधीची रक्कम भरतो तिच्यातलाच ८.३३ टक्के भाग या योजनेत वळतो. त्यासाठी धरला जाणारा पगार जास्तीत जास्त १५,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,२५० रुपये. किमान दहा वर्षांची सेवा हवी, आणि पूर्ण पेन्शन अठ्ठावन्नाव्या वर्षी. तिच्यासाठी फॉर्म १०-डी भरावा लागतो, तो आपोआप भरला जात नाही. मामांचा अर्ज कारखान्याच्या कार्यालयातून जूनमध्ये गेला. मे महिन्याचा भरणा जमा व्हायला जूनचा मध्य उजाडतो, नंतर मालकाने नोकरी सोडल्याची तारीख नोंदवायची, मग अर्ज. म्हणजे सगळे सुरळीत असले तरी तीन आठवडे यातच जातात. कागदपत्रे पूर्ण असलेला दावा वीस दिवसांत निकाली काढावा असा दंडक आहे. मामांनी ते वीस दिवस नव्या घड्याळाखालच्या कॅलेंडरवर पेन्सिलने खोडत नेले.

सतराव्या-अठराव्या दिवशी फोनवर संदेश आला. अर्ज परत.

तो कागद छापून घेऊन मामा माझ्याकडे आले. मजकूर इंग्रजी होता, आणि आमच्या भागात इंग्रजी कागद वाचून देणे हेही डॉक्टरचे काम समजले जाते. चेहरा असा होता की मी आधी नाडी धरली. "गेली म्हणायचं न्हवं पेन्शन?" ते म्हणाले. त्या रात्री ते जेवले नव्हते. वाचकहो, 'नामंजूर' हा शब्द म्हाताऱ्या माणसाला कसा लागतो, हे घरातल्या तरुणांनी लक्षात घ्यावे. त्याच्या लेखी तो निकाल असतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तो एका राहिलेल्या कागदाचा निरोप असतो, आणि कारण त्याच पानावर लिहिलेले असते.

इथेही ते लिहिलेले होते : पूर्वीच्या सेवेचे 'स्कीम सर्टिफिकेट' मूळ प्रतीत जोडावे.

"मामा, या फौंड्रीच्या आधी कुठे होता?"

रुग्णाचा पूर्वेतिहास घेण्याची सवय असल्याने प्रश्न सहज आला. मामा थोडे थांबले. उत्तर मामींनी दिले : १९९९ ते २००८, नऊ वर्षे, दुसऱ्या एका कारखान्यात. तो बंद पडला. फंड काढून घेतला होता, विषय संपला होता. म्हणूनच यंदा अर्ज भरताना कारखान्यातील क्लार्कने विचारले, "पहिलं काही प्रमाणपत्र आहे का?" तेव्हा मामांनी "न्हाई" म्हटले आणि त्याने तशी खूण केली.

पण फंड आणि पेन्शन या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नोकरी सुटताना कामगार फंडाची रक्कम काढतो, तेव्हा पेन्शनच्या खात्याबद्दल त्याच्यापुढे निवड असते. दहा वर्षांहून कमी सेवा असेल तर तो पेन्शनचेही पैसे काढून घेऊ शकतो, म्हणजे ती वर्षे कायमची पुसली जातात. किंवा पैसे न घेता स्कीम सर्टिफिकेट घेऊ शकतो. या प्रमाणपत्रावर त्याची सेवा किती झाली ते आणि कुटुंबातील माणसांची नावे लिहिलेली असतात, आणि पुढे कधीही पेन्शन मागताना ती वर्षे जोडून मिळतात. २००८ साली मामांना तीसेक हजार रुपये रोख मिळाले असते. त्या वेळी युनियनच्या एका वयस्कर कार्यकर्त्याने त्यांना दटावले होते म्हणे, "पैसं घिऊ नगंस, कागद घे." मामांनी कागद घेतला. कुठे ठेवला ते सोळा वर्षांत विसरले. कागद घेतला होता हेही विसरले. त्या कार्यालयाच्या जुन्या नोंदींत मात्र ते राहिले होते.

दुसऱ्या दिवशी मामींनी माळ्यावरची लोखंडी ट्रंक उतरवली. धाकट्याचे पाळण्यातले टोपडे, रेशनकार्ड, विझलेल्या कर्जाच्या पावत्या, आणि तळाशी पिशवीत घडी घातलेला तो कागद. वाळवीने एक कोपरा खाल्ला होता, पण क्रमांक, शिक्का आणि सही शाबूत होती. तो घेऊन दोघे माझ्याकडे आले. कुटुंबाच्या यादीत लेकीचे वय अकरा लिहिलेले होते. तिचा मुलगा तेव्हा मामींच्या मांडीवर होता.

या कागदाची किंमत काय, हे मी त्यांना तपासणीच्या कागदाच्या पाठीवर मांडून दाखवले. पेन्शनचे सूत्र सोपे आहे : सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले सत्तर. सरासरी शेवटच्या साठ महिन्यांची घेतात. एकच मेख आहे. ऑगस्ट २०१४ पर्यंतच्या वर्षांसाठी पगार जास्तीत जास्त ६,५०० धरतात आणि त्यानंतरच्या वर्षांसाठी १५,०००. मामांचा मूळ पगार व महागाई भत्ता मिळून सोळा हजारांवर होता, म्हणून दोन्हीकडे कमाल आकडाच लागू. शेवटच्या कारखान्यातील सोळा वर्षांपैकी सव्वासहा वर्षे पहिल्या भागात येतात, त्यांचे सुमारे ५८० रुपये. पावणेदहा वर्षे दुसऱ्या भागात, त्यांचे सुमारे २,०९०. एकूण २,७०० च्या आत. आता जुनी नऊ वर्षे मिळवा. ती पहिल्या भागातली, त्यांचे सुमारे ८३५ रुपये. बेरीज साडेतीन हजार. शिवाय एकूण सेवा वीस वर्षांवर गेली की योजना स्वतःहून दोन वर्षांची जोड देते. म्हणजे पावणेचार हजारांच्या घरात. फरक महिन्याला हजाराचा, हयातभर. आणि मामांच्या मागे मामींना निम्मी मिळायची, तिच्यातही तो फरक.

परत आलेल्या अर्जाने मामांची झोप उडवली होती. तो परत न येता मंजूर झाला असता, तर नऊ वर्षांचा घाम त्या ट्रंकेतच राहिला असता.

मामा बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत होते. मग मामींना म्हणाले, "आणि तू ती ट्रंक भंगारात घालायला निघालीवतीस." मामी म्हणाल्या, "आणि तुम्ही सांगितलंसा, त्यात कायबी न्हाई."

अर्ज २२ जुलै रोजी मूळ प्रमाणपत्रासह पुन्हा गेला. मूळ कागद देण्याआधी दोन झेरॉक्स काढा आणि पोच घ्या, एवढे मी बजावले. बँकेचे पासबुकही तपासून घेतले. त्या काळी कामगारांची पेन्शन ठराविक बँकांतूनच मिळे आणि मामांचा पगार जमा होई तो एका सहकारी बँकेत, म्हणून दुसरे खाते उघडावे लागले होते. १ जानेवारी २०२५ पासून ही अट गेली. आता देशातील कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेत ही पेन्शन घेता येते. ज्यांचा अर्ज अडकला आहे आणि कारण समजत नाही, त्यांच्यासाठी दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत 'निधी आपके निकट' या नावाने भविष्य निर्वाह निधीचे अधिकारी समोर बसून तक्रार ऐकतात. सुट्टी असली तर त्यानंतरच्या कामाच्या दिवशी. मामांना त्याची गरज पडली नाही.

तरीही ऑगस्ट कठीण गेला. फंडाचे पैसे आले, ते ठेवीत गेले. मुलगा चाकणला कंत्राटी कामावर. त्याने पैसे पाठवतो म्हटले तर मामा फोन ठेवून देत. मी त्यांना दर आठवड्याला बोलावत होतो, निम्मे रक्तदाबासाठी आणि निम्मे बोलण्यासाठी. झोपेचे औषध त्यांनी मागितले, मी दिले नाही. तीस-पस्तीस वर्षे पहाटे साडेचारला उठलेले शरीर एका महिन्यात सातला उठायला शिकत नाही. त्याला उशिरा उठवण्यापेक्षा लवकर झोपू द्यावे आणि उठल्यावर काम द्यावे. रोजची बारा किलोमीटरची सायकल एकदम बंद झाली होती, ती पुन्हा सुरू करवली. फक्त दिशा बदलायला सांगितली, गेटकडे जायचे नाही. ते नदीच्या बाजूला जाऊ लागले. दुपारची दोन तासांची झोप मामींनी मोडली, हे मोठे काम झाले. महिनाअखेरीस रक्तदाब १४० च्या खाली आला तेव्हा पेन्शन आलेली नव्हती, हे मुद्दाम नोंदवतो. उतार पडला तो रोजच्या गोळीने.

ऑगस्टच्या मध्यावर बारा आकडी क्रमांकाचा पेन्शनचा आदेश निघाला, ज्याला पी.पी.ओ. म्हणतात. तो क्रमांक मामांनी देवघरातल्या पंचांगाच्या पहिल्या पानावर लिहिला आणि मामींना पाठ करायला लावला. ते मला फार शहाणपणाचे वाटले. पती गेल्यावर हा क्रमांक ठाऊक नसल्याने महिनोन् महिने हेलपाटे घालणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

आणि ३० ऑगस्टला, शुक्रवारी, जून, जुलै आणि ऑगस्ट अशा तीन महिन्यांचे मिळून अकरा हजारांवर रुपये खात्यावर आले. मामांनी संदेशावर विश्वास ठेवला नाही. बँकेत जाऊन पासबुक भरून घेतले, बाहेर येऊन चष्मा पुसून पुन्हा पाहिले, आणि तिथूनच मला फोन केला. "आली डॉक्टर," एवढेच.

सोमवारी ते आले तेव्हा मी त्यांना पुढच्या एका अडचणीची आगाऊ कल्पना दिली. ही पेन्शन चालू राहण्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. दिल्यापासून तो एक वर्ष चालतो, आणि मुदत संपली की पेन्शन थांबते. बहुतेक ठिकाणी तो बोटाच्या ठशाने घेतात. ज्यांची बोटे घासकामात, शेतात किंवा भांड्यांत झिजली आहेत, त्यांचा ठसा यंत्र घेत नाही, आणि माणूस जिवंत उभा असताना रांगेतून परत फिरतो. त्यासाठी आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही हा दाखला देता येतो. नातवंडांपैकी कोणाला तरी ते एकदा शिकवून ठेवा, असे मी म्हणालो. मामांनी स्वतःची बोटे उजेडात धरून पाहिली.

"म्हंजे तोंड तरी शाबूत ठेवाय पाहिजे," ते म्हणाले.

रक्तदाब १३४/८२ होता. उठताना त्यांनी खिशातून चार घड्या घातलेली शंभराची आणि विसाची नोट काढून टेबलावर ठेवली. मी म्हणालो, आज तपासणीची फी नको.

"तुमची फी न्हवं ती," मामा म्हणाले. "ते वर्षाचं एकशेवीस. कुठं भरायचं, तेवढं एका कागदावर लिहून द्या."